एक शेपूट, दोन शेपट्या

बंगळुरात पावसाची पहिली दमदार सर पडून गेली की मारतहळ्ळीच्या पुलावरून व्हाइटफील्डकडे निघालेले दुचाकीवाले वर्तूर कोडीपाशी हेल्मेटच्या काचेवरून बोटानं फेस पुसताना दिसायचे. वर्तूरचा तलाव जिथं ओसंडतो त्या कोडीवरून फेसाचे पांढरेशुभ्र ढीग उठत आणि वाऱ्यावर तरंगत रस्त्यावर येत. नव्यानं आलेल्यांना ते दृश्य सिमल्याचं वाटे, पहिला वास नाकात शिरेपर्यंत. वरच्या अंगाला बेळ्ळंदूरचा तलाव, त्याचं सांडपाणी यमलूरवरून वर्तूरला येतं. २०१५च्या मे महिन्यात यमलूरपाशी हा फेस चक्क पेटला होता. पाण्यावर आग लागण्याचा मान आमच्या भागाला मिळाला. फ्लॅटच्या किमती मात्र त्यानं तसूभरही उतरल्या नाहीत.

माझी नोकरी औषधाचे थेंब चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरण्याची, त्यामुळे लोक फेसाला नाकं मुरडत असताना मी तिथं जरा जास्तच रेंगाळायची. फेस म्हणजे काय, तर साबणाच्या रेणूंनी धरलेल्या रांगा. या रेणूला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्यावर विद्युतभार असतो, ते पाण्यात खुशाल राहतं. शेपूट म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांबलचक साखळी, थोडक्यात तेलाचा तुकडा. अशा दुटप्पी रेणूंना अँफिपॅथिक म्हणतात. त्यांना पाण्यात टाकलं की ते पहिल्यांदा पृष्ठभाग गाठतात. डोकं पाण्यात, शेपूट हवेत, दोघांचीही सोय. फुग्याच्या पातळ भिंतीत मधोमध पाण्याचा थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना असे रेणू, शेपट्या बाहेर काढून उभे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंतही दुपदरीच असते, फक्त उलटी: शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून, आणि डोकी दोन्ही अंगांना पाण्यात. बाहेर हवा असेल तर शेपट्या बाहेर, बाहेर पाणी असेल तर शेपट्या आत. कुणी सांगावं लागत नाही.

हे ‘कुणी सांगावं लागत नाही’ प्रकरण मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून छळत आलंय. फ्लास्कच्या आतल्या बाजूला लेसिथिनचा पातळ थर द्यायचा, पाणी ओतायचं, हलवायचं. हजारो कोटी रेणू आपणहून दोन-दोन पदरांत लागून बंद फुगे तयार करतात. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहमला अॅलेक बँगम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिलं आणि आजच्या लायपोसोमची सुरुवात झाली. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तू काहीच करत नाहीस, पगार तेवढा घेतेस.” ढोबळ मानानं बरोबर आहे.

शाळेत याचं उत्तर एका ओळीत उरकतात: तेलाला पाणी आवडत नाही. ते खरं असतं तर तेलाचा थेंब पाण्यावर टाकल्यावर अंग चोरून उभा राहिला असता. बरीच तेलं पाण्यावर पसरतात. तेलाचा रेणू पाण्याच्या रेणूला साधारण तेवढंच ओढतो जेवढं दुसऱ्या तेलाच्या रेणूला. दोघांत भांडण नाहीच मुळी. अडचण पाण्यापाण्यात आहे, आणि ती मला नवऱ्याच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कळली.

रिंग रोडवरच्या त्या कँटीनमध्ये दहा-दहा जणांची टेबलं. एखाद्या टेबलावर नऊ कन्नड मंडळी रंगात येऊन बोलत असतात, एकमेकांच्या थाळीतलं उचलत, मध्येच दुसऱ्याशी वाद घालत. तिथं माझा नवरा ताट घेऊन बसतो. त्याला कन्नड येतं ते ‘स्वल्प’ आणि ‘साकु’ एवढंच. नऊ जण भले, ते सौजन्यानं इंग्रजीवर येतात. झालं, विनोद आटले, विषय तीन उरले: ट्रॅफिक, पाऊस, मॅनेजर. कुणी त्याच्यावर रागावलेलं नाही, पण नऊ जणांच्या बोलण्याच्या वाटा बंद झाल्या. असे दहा मराठी दहा टेबलांवर विखुरले तर दहा टेबलं अवघडतात. तेच दहा जण एका टेबलावर आले तर बाकीची सगळी टेबलं मोकळी होतात आणि अवघडतात फक्त शेजारच्या खुर्च्यांवरची दोन-चार माणसं. म्हणून बघता बघता कोपऱ्यात मराठी टेबल तयार होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय एकी आहे यांच्यात! आत कान लावलात तर मिसळ कोल्हापूरची की पुण्याची यावर अबोला धरलेला असतो. त्यांना एकत्र आणलं ते त्यांच्या प्रेमानं नव्हे, बाकीच्यांच्या मोकळेपणानं.

पाण्यात सौजन्य नसतं, हायड्रोजन बंध असतात. पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चारेक रेणूंना धरून असतो आणि सेकंदाच्या काही लाख-कोटीव्या भागात जोडीदार बदलत राहतो. तेलाच्या शेपटीला तो असा धरू शकत नाही. शेपटीला चिकटून असलेल्या पाण्याला आपले बंध शाबूत ठेवायचे तर शेपटीकडे पाठ करून ठरावीक मोजक्याच दिशांनी उभं राहावं लागतं. बंध फारसे तुटत नाहीत, पण फिरण्याची मुभा जाते. म्हणूनच तेल पाण्यात विरघळवताना साधारण खोलीच्या तापमानाला उष्णता जवळजवळ लागतही नाही आणि निघतही नाही, तरी ते विरघळत मात्र नाही. सगळा तोटा या मुभेच्या खात्यावर पडतो. भौतिकशास्त्रात तिला एन्ट्रॉपी म्हणतात. शेपट्या एकत्र आल्या की त्यांच्याभोवतीचं पाणी सुटतं, आणि व्यवस्थित रांगा लागलेल्या दिसत असल्या तरी एकूण हिशेबात पसारा वाढतो. शेपट्यांभोवतीच्या पाण्याचा जणू बर्फ होतो, असं चित्र १९४५मध्ये फ्रँक आणि इव्हान्स यांनी मांडलं होतं. ते पुढे इतकं लोकप्रिय झालं की लोक खराच बर्फ शोधत बसले. तसा बर्फ नसतो. पाणी थोडं अवघडतं, गोठत नाही.

आता साबणाकडे. पाण्यात साबण थोडाथोडा घालत गेलं की आधी पृष्ठभाग भरतो. तिथली जागा संपली तरी पुढचे काही रेणू एकटेदुकटे पाण्यात हिंडतात. आणि मग एका ठरावीक मात्रेला अचानक, घोळका व्हायला लागतो. शेपट्या आत, डोकी बाहेर, असा गोळा. याला मिसेल म्हणतात. बऱ्याच शांपूंत असणारं सोडियम डोडेसिल सल्फेट घ्या, त्याची शेपूट १२ कार्बनची. लिटरभर पाण्यात ते साधारण सव्वादोन ग्रॅम गेलं की मिसेल दिसू लागतात. त्याच्या पुढे कितीही घाला, एकट्या फिरणाऱ्या रेणूंची संख्या जवळजवळ तेवढीच राहते, जादाचे सगळे गोळ्यांत भरती होतात. तलावात एवढा साबण नव्हता बरं का. फेसाला मिसेल लागत नाहीत, पृष्ठभाग भरला की पुरे.

शेपूट जितकी लांब, तितकं पाण्याचं अवघडलेपण जास्त आणि तितक्या कमी मात्रेत घोळका. या जातीच्या साबणात दोन कार्बन वाढवले की मात्रा चौथाईवर येते. पेशीच्या भिंतीतल्या फॉस्फोलिपिडच्या डोक्याला तर एक सोडून दोन शेपट्या, आणि त्याही १६-१८ कार्बनच्या. त्यातलंच नेहमीचं लेसिथिन हजार लिटरच्या गच्चीवरच्या टाकीत टाकलं तर एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं होईपर्यंतच काय ते एकेकटं राहील. पुढचा प्रत्येक कण दुसऱ्याला शोधणार. साबणाच्या तुलनेत कोटभर पटीनं कमी. पेशीच्या भिंती पाण्यात राहून विरघळत का नाहीत, याचं उत्तर या आकड्यात आहे. साबणाचा रेणू मिसेलमध्ये सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका वेळही टिकून बसत नाही, सतत ये-जा. फॉस्फोलिपिडचा रेणू आपल्या पदरात काही तास बसतो. मराठी टेबलावरचे काही जण याच वर्गातले.

पण दोन शेपट्या आल्यावर गोळाच का होत नाही? मोठा गोळा का नाही? इथं मला आमच्या कामातला सगळ्यात आवडता हिशेब सांगायचाय. तो वहीच्या पाठीमागच्या पानावर पेन्सिलीनं होतो.

साबणाची १२ कार्बनची शेपूट पूर्ण ताणली तर १.६७ नॅनोमीटर लांब. गोळ्याच्या मध्यभागी पोकळी राहू शकत नाही, कारण तिथं भरायला काहीच नाही. म्हणजे कुणाची तरी शेपूट केंद्रापर्यंत पोचली पाहिजे आणि गोळ्याची त्रिज्या १.६७च्या पुढे जाऊ शकत नाही. एवढ्या गोळ्याचं घनफळ साडेएकोणीस घन नॅनोमीटर. एका शेपटीचं ०.३५. भागाकार केला की ५६. प्रयोगात मोजलं तर साठेक रेणू निघतात. पेन्सिलीला इतकं यश क्वचित मिळतं. आता गोळ्याचा पृष्ठभाग या ५६ डोक्यांत वाटा, प्रत्येकाला ०.६३ चौरस नॅनोमीटर मिळतात. भारित डोकी एकमेकांना ढकलतात, त्यांना साधारण तेवढीच जागा हवी असते. म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळला. तेलाचा थेंब वाढतच जातो आणि शेवटी वर तवंग होऊन बसतो, पण साबणाचा गोळा साठावर थांबतो तो या डोक्यांमुळे.

तोच हिशेब लेसिथिनला लावा. १६ कार्बनची शेपूट, लांबी २.१८ नॅनोमीटर, दोन शेपट्यांचं घनफळ ०.९२. या त्रिज्येचा गोळा केला तर त्यात ४७ रेणू मावतात आणि पृष्ठभाग वाटला की प्रत्येक डोक्याच्या वाट्याला जवळजवळ १.२६ चौरस नॅनोमीटर येतात. डोक्याला हवेत ०.६५. निम्मी जागा उघडी, त्यातून पाणी सरळ शेपट्यांपर्यंत. म्हणजे ज्या कारणासाठी गोळा केला तेच फसलं. रेणू शंकूसारखा निमुळता असेल तर गोळा होतो, पण दोन शेपट्यांनी तो जवळपास सरळ नळकांड्यासारखा झालेला असतो, आणि नळकांडी शेजारी शेजारी उभी केली की सपाट पदरच होणार. एका बाजूच्या शेपट्या उघड्या राहू नयेत म्हणून खाली दुसरा पदर, उलटा. प्रत्येक पदरातल्या शेपटीच्या भागाची जाडी ०.९२ भागिले ०.६५, म्हणजे १.४ नॅनोमीटर. ताणलेल्या लांबीपेक्षा बरीच कमी, म्हणून शेपट्या आत सैल, वळवळत असतात. पेशीची भिंत घट्ट नसते, ती पातळ तेलासारखी वाहती असते, ते यामुळे. हा भागाकार इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६मध्ये मांडला. तीन आकड्यांवर इतकं चालतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. अर्थात चालतं ते ढोबळ मानानं. डोक्याला ‘हवी ती जागा’ ही मीठ, आम्लता, तापमान यांनी बदलते, आणि तिथं पेन्सिल ठेवून मोजायला जावं लागतं.

सपाट पदराला एकच दुखणं उरतं: कडा. कडेवर शेपट्या पाण्याला उघड्या पडतात. पदर मोठा असेल तर तो वळतो, कडेला कड भिडवतो आणि फुगा होऊन बसतो. वळायला थोडी ताकद लागते, पण कड मिटवून होणारी बचत मोठी.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं, आणि त्याला फार खर्च नाही. गेल्या सुट्टीत साताऱ्याहून भाची आली होती, तिच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर आम्ही पाहिलं. सोयाबीनच्या लेसिथिनचे पिवळे दाणे घ्यायचे. औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूल नकोत, त्यांत तेल मिसळलेलं असतं आणि मग नुसते गोल थेंब दिसतात, काळ्या ठसठशीत कडांचे, ढिम्म बसलेले. दाण्याचा मोहरीच्याही चौथाईएवढा चुरा काचपट्टीवर दाबायचा, वर पातळ काच ठेवायची आणि कडेनं ड्रॉपरनं पाणी सोडायचं. शंभरपट मोठं केलं की पुरे. पहिल्यांदा चुऱ्याची कड फुगल्यासारखी दिसते. मग तिच्यातून बोटं फुटतात, लांबतात, वाकतात, एकमेकांभोवती पीळ घेतात. एकेका बोटात शेकडो दुपदरी थर एकात एक गुंडाळलेले असतात आणि मध्येमध्ये पाणी. जर्मन वैद्य फिर्खो यांनी मज्जातंतूंच्या द्रव्यात ही बोटं १८५४मध्येच पाहिली होती, आत काय आहे याचा पत्ता लागायच्या किती तरी आधी. “मावशी, हे जिवंत आहे?” भाचीनं डोळा न हलवता विचारलं. नाही म्हणायला मला दोन सेकंद लागले.

मग तिला दुसरा ड्रॉपर दिला: भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, वाटीभर पाण्यात. तो कडेनं आत शिरला तशी बोटं आखडली, पातळ झाली आणि दिसेनाशी झाली. काच स्वच्छ. लेसिथिन कुठं गेलं नव्हतं. एकशेपटी साबण पदरात घुसला, निमुळत्या रेणूंची संख्या वाढली, सपाट राहणं परवडेना आणि दोघांचे मिळून मिसेल झाले, इतके बारीक की उजेड त्यांच्याजवळून बिनबोभाट निघून जातो. आपल्या लहान आतड्यात पित्तरस याच युक्तीनं चरबी पाण्यात नेतो. २०२०मध्ये वीस सेकंद हात धुवायला लावलं होतं तेही याच भरवशावर, करोनाच्या विषाणूचं वेष्टन दुपदरी चरबीचं होतं म्हणून.

साबण बाहेरून न आणताही हे करता येतं, आणि ते जास्त भयंकर आहे. फॉस्फोलिपिडची एक शेपूट कापून टाकायची. आपल्याकडच्या घोणस आणि नाग दोघांच्याही विषात फॉस्फोलायपेज ए-२ नावाचं विकर असतं, त्याचा धंदाच हा. दोन शेपट्यांचा रेणू एकशेपटी झाला की शंकू झाला. तांबड्या पेशीच्या भिंतीत असे शंकू वाढले की ती फाटते आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. कापलेली शेपूट तेवढी एक, बंध तुटला तोही एकच. दंशाच्या सगळ्या परिणामांचं खापर या एका कात्रीवर फोडता येत नाही, विषात आणखी बरीच हत्यारं असतात, पण हे मात्र पेन्सिलीच्या हिशेबात आधीच दिसत होतं.

भाचीचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता: साबण काढून घेतला तर बोटं परत येतील का? बोटं नाही, फुगे येतात. प्रयोगशाळेत ते मिश्रण बारीक छिद्रांच्या पिशवीत बांधून मोठ्या भांड्यातल्या पाण्यात रात्रभर सोडतात. साबण ये-जा करणाऱ्या जातीचा, तो छिद्रांतून निसटत राहतो. लेसिथिन बसून राहणारं, त्याला घाई नाही. साबण पुरेसा गेला की उरलेले दोनशेपटी रेणू पुन्हा पदर धरतात आणि सकाळी पिशवीतलं पाणी निळसर दुधट झालेलं असतं. तो दुधटपणा दिसला नाही, किंवा खाली चोथा बसला, तर आमचा दिवस वाया. बहुतेक वेळा घाईनं पाणी बदललेलं असतं, नाहीतर कुणीतरी पिशवीला गाठ ढिली मारलेली असते.

आणि वर्तूरचा फेस पावसातच का उसळायचा, हे इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी खपून शोधलं. तलावाच्या तळाशी हवा नसते, तिथं साबणाचा रेणू मोडत नाही. त्याची शेपूट गाळाच्या कणांना चिकटते आणि शहराचा धुण्याभांड्यांचा साबण हिवाळा-उन्हाळाभर गाळात साठत राहतो. पावसाचा लोंढा आला की गाळ ढवळतो, साबण सुटतो आणि कोडीवरून पाणी कोसळताना त्यात हवा मिसळते. गाळाला चिकटणं, हवेकडे तोंड करणं, गोळा होणं, पदर धरणं, शेपटीला यातलं काहीही चालतं. पाण्याला मोकळं सोडलं की झालं.

भाची निघताना लेसिथिनची अर्धी बाटली घेऊन गेली. परवा तिच्या आईचा फोन आला, घरातला भांड्यांचा साबण कुठं संपतो ते कळलं म्हणाली.